बाळाची लांबी घटली, डोके मात्र वाढले: चूक कुठे शोधायची?

पत्र

मॅडम, मी बाल-आरोग्य केंद्रात परिचारिका आहे. २० फेब्रुवारीला पूर्ण दिवसांची जन्मलेली एक मुलगी आमच्याकडे लसीकरणाला येते. २४ जूनला मी एकटीनेच तिला टेबलावर झोपवले, डोक्याशी आणि पायाशी चादरीवर पेनने खुणा केल्या आणि टेपने मोजले. लांबी ६३.५ सेंमी आणि डोक्याचा घेर ४०.२ सेंमी भरला. पुढे केंद्रात नवा इन्फँटोमीटर, म्हणजे एक स्थिर आणि एक सरकती पाटी असलेली, बाळाला झोपवून लांबी मोजायची फळी, आला. ८ ऑगस्टला त्यावर माझ्या सहकारी परिचारिकेने मोजले, तर लांबी ६२.८ आणि घेर ४३.१! सहाव्या महिन्याच्या रेषेवर हे बिंदू टाकले तेव्हा लांबीची रेघ खाली आणि डोक्याची वर गेली. मुलगी दूध नीट पिते, हसते-खेळते. कार्ड पाहून तिची आई मात्र घाबरली आहे. नेमके काय चुकले, आणि कोणता आकडा खरा धरायचा?

उत्तर

मोजमापाची चर्चा करण्याआधी एक गोष्ट उरकून घ्या, कारण ती टेपवर अवलंबून नाही. मुलगी शांत असताना आणि तिला उभे धरलेले असताना तिच्या टाळूवर हलकेच बोट ठेवून पाहा. टाळू फुगीर आणि ताणलेली लागत असेल, बाळाला वारंवार उलट्या होत असतील, ते सुस्त किंवा सतत किरकिरे असेल, किंवा त्याची नजर खाली वळलेली राहून बुबुळाच्या वर पांढरा भाग दिसत असेल, तर आकडा बरोबर की चूक हे ठरवत न बसता तिला त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे पाठवा. यांपैकी काही नसेल, आणि तुमच्या वर्णनावरून तसे दिसत नाही, तर नीट पुन्हा मोजण्याइतका वेळ आपल्याकडे आहे. तरीही पुढच्या नियमित भेटीपर्यंत थांबू नका, आईला मुद्दाम बोलावून घ्या.

आता लांबीकडे वळू. दीड महिन्यात बाळाची लांबी ७ मिलिमीटरने कमी होऊ शकत नाही. त्यामुळे दोन आकड्यांपैकी निदान एक चुकीचा आहे एवढे निश्चित. कोणता, हे मात्र निश्चित नाही. नव्या उपकरणावरचा म्हणून दुसरा आकडा खरा आणि टेपचा म्हणून पहिला खोटा, असे धरण्याचा मोह होतो. मला दोन्ही आकड्यांचा संशय आहे आणि दोन्हींच्या चुका उलट दिशेच्या असाव्यात असे वाटते.

पहिल्या मापात खुणांची पद्धत वापरली आहे. ही पद्धत लांबी बहुधा जास्त दाखवते. बाळाचा पाय सैल असला की पाऊल खाली झुकलेले असते आणि बोटे पुढे आलेली असतात. खूण टाचेच्या तळाशी व्हायला हवी, पण ती बोटांच्या टोकाशी किंवा दोहोंच्या मध्ये कुठेतरी होते, आणि तेवढ्यानेच सेंटिमीटरभर वाढ सहज दिसते. डोक्याकडची खूण करताना पेन तिरके धरले गेले तर तिथेही काही मिलिमीटर वाढतात. शिवाय पहिली खूण करून दुसऱ्या खुणेकडे जाईपर्यंत बाळ सरकलेले असते. एकट्या माणसाला डोके, गुडघे आणि पाऊल ही तिन्ही ठिकाणे एकाच क्षणी धरता येत नाहीत, आणि या पद्धतीचा खरा दोष तोच आहे. टेप बदलून तो जात नाही.

दुसऱ्या मापात इन्फँटोमीटर आहे, पण पत्रात मोजणारी एकच व्यक्ती दिसते. एकटीने मोजताना माणूस पायाकडे लक्ष देतो आणि डोके सुटते, किंवा डोके सांभाळतो आणि गुडघे वाकलेले राहतात. वाकलेला गुडघा हे लांबी कमी भरण्याचे सर्वांत नेहमीचे कारण आहे. बाळ फळीवर थोडे तिरपे झोपले असेल, किंवा जाड लंगोटामुळे कंबर उचलली जाऊन पाय फाकले असतील, तरीही लांबी कमी भरते. उलट डोके वरच्या पाटीला टेकलेलेच नसेल, किंवा डोके आणि पाटी यांच्यामध्ये केसांचा झुबका आला असेल, तर ती जास्त भरते. आकडा कोणत्या दिशेला चुकला आहे हे पाहिले की कारणाचा माग निम्मा लागतो, म्हणून या दिशा लक्षात असू द्या.

नीट मापाची रीत आता क्रमाने सांगते. फळी सपाट आणि न हलणाऱ्या जागेवर ठेवा आणि तिच्यावर पातळ कापड किंवा कागद पसरा. बाळ आणण्याआधी उपकरण तपासून घ्या. लांबी नक्की ठाऊक असलेली एक सरळ काठी, समजा ६० सेंमीची, दोन्ही पाट्यांमध्ये बसवून आकडा ६०.० येतो का ते पाहा. नव्या उपकरणाच्या बाबतीत हे विशेष करावे, कारण जोडणी करताना पट्टी थोडी सरकवून चिकटवली गेली असेल तर त्या दिवसापासूनची प्रत्येक नोंद तेवढ्याच फरकाने चुकत राहते आणि कोणालाच संशय येत नाही. सरकती पाटी पट्टीशी काटकोनात राहते की हातात डगमगते, हेही पाहा. डगमगणाऱ्या पाटीचे वरचे टोक पुढे झुकले तर एकाच बाळाचे दोन आकडे येतात.

बाळाचे बूट, मोजे, टोपडे आणि केसांतल्या क्लिपा काढा. जाड लंगोटही काढा. मदतनीस डोक्याकडच्या स्थिर पाटीमागे उभी राहते आणि दोन्ही तळहातांनी कानांवरून बाळाचे डोके धरते. टाळूकडचा भाग पाटीला टेकला पाहिजे आणि बाळाची नजर सरळ छताकडे असली पाहिजे. नेमके सांगायचे तर डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड यांना जोडणारी कल्पित रेषा फळीला काटकोनात यायला हवी. हनुवटी छातीकडे दबलेली किंवा वर उचललेली असेल तर ही रेषा तिरपी होते आणि माप बदलते. मदतनिसीचे काम एवढेच आहे आणि ते तिने शेवटपर्यंत सोडायचे नाही. आकडा वाचायला ती वाकली की डोके सुटलेच.

मोजणारी व्यक्ती पट्टी दिसते त्या बाजूला उभी राहते. खांदे आणि कंबर फळीला टेकली आहेत, पाठीचा कणा फळीच्या मध्यरेषेत आहे, याची तिने आधी खात्री करून घ्यावी. मग एका हाताने दोन्ही गुडघ्यांवर हलका दाब देऊन पाय सरळ करावेत आणि दुसऱ्या हाताने सरकती पाटी तळपायांपर्यंत आणावी. तळवे पाटीला सपाट टेकलेले आणि बोटे वर वळलेली हवीत. बाळ बोटे मुडपून पाटीला रेटत असेल तर तळपायाला हलकी गुदगुली करावी आणि बोटे सरळ होताच पाटी पटकन लावावी. नवजात बाळाचे गुडघे मोठ्या बाळासारखे सरळ होत नाहीत आणि जोर लावला तर त्यांना इजा होऊ शकते, म्हणून तिथे दाब अगदी कमी ठेवायचा. बाळ फारच अकांत करत असेल आणि दोन्ही पाय धरणे अशक्य झाले तर एका पायावर माप घेतलेले चालते, पण तशी नोंद शेजारी करावी. तुमची मुलगी सहा महिन्यांच्या आसपासची आहे, तेव्हा तिच्यासाठी दोन्ही पाय धरण्याचाच आग्रह ठेवा.

आकडा पट्टीवर सरळ वरून पाहून, पूर्ण झालेल्या शेवटच्या मिलिमीटरपर्यंत वाचायचा. ६५.३ ला ६५.५ करायचे नाही. तुमच्या केंद्राची नोंदवही एकदा या दृष्टीने चाळा. वाचन नीट होत असेल तर दशांश चिन्हानंतर शून्य किंवा पाच असलेल्या नोंदी साधारण पाचात एक असायला हव्यात. निम्म्या नोंदी तशा असतील तर कोणीतरी सर्रास अंदाजे आकडे लिहीत आहे, मग इन्फँटोमीटर कितीही चांगला असो.

एकदा माप झाले की बाळाला फळीवरून उचला, पुन्हा झोपवा आणि सगळी मांडणी नव्याने करून दुसऱ्यांदा मोजा. पाटी तशीच ठेवून आकडा परत वाचणे म्हणजे दुसरे माप नव्हे. दुसऱ्यांदा शक्यतो दुसऱ्या व्यक्तीने मोजावे आणि तिला पहिला आकडा सांगू नये, कारण कानावर पडलेल्या आकड्याकडे डोळे नकळत झुकतात. जागतिक आरोग्य संघटनेची वाढमानके ज्या अभ्यासावर उभी आहेत, त्यात १९९७ ते २००३ या काळात सहा देशांतील मुलांची मोजमापे घेतली गेली. तिथे दोन व्यक्ती स्वतंत्रपणे मोजत असत आणि लांबीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा डोक्याच्या घेरात ५ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघींनाही पुन्हा मोजावे लागे. तुम्हीही हीच मर्यादा पाळा. फरक तिच्या आत असेल तर लांबीच्या दोन आकड्यांची सरासरी नोंदवा.

या मर्यादेतून आणखी एक गोष्ट निघते, आणि ती घाबरलेल्या पालकांना जरूर समजावून द्यावी. सहा महिन्यांच्या मुलीची लांबी महिन्याला दीड सेंटिमीटरच्या आसपास वाढते, म्हणजे आठवड्याला साधारण ४ मिलिमीटर. नीट घेतलेल्या दोन मापांतही ७ मिलिमीटरपर्यंत फरक चालवून घ्यावा लागत असेल, तर दर आठवड्याला घरी लांबी मोजून वाढ दिसणार नाही, नुसती चूकच खालीवर होताना दिसेल. डोक्याच्या घेराचे तर याहून कठीण आहे. तो सहा महिन्यांनंतर महिन्याला सुमारे अर्धा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे महिन्याभराची वाढ आणि मापातला चालण्याजोगा फरक जवळजवळ सारखेच आहेत.

आता डोक्याच्या मापाविषयी. इथे चूक अधिक महाग पडते. आलेखावर मध्यरेषेच्या वर अधिक एक, अधिक दोन आणि खाली उणे एक, उणे दोन अशा झेड-स्कोअरच्या रेषा असतात. सहा महिन्यांच्या मुलींच्या आलेखावर लांबीच्या दोन शेजारच्या रेषांमध्ये सुमारे २.२ सेंमी असतात, तर डोक्याच्या घेरात फक्त १.३ सेंमी. टेप ७ मिलिमीटरने सैल राहिली तर लांबीच्या आलेखावर फारसे काही बिघडले नसते, पण डोक्याच्या आलेखावर बिंदू निम्मा पट्टा ओलांडून जातो. म्हणून लांबीसाठी आपण जेवढी धडपड करतो, तेवढीच या साध्या दिसणाऱ्या टेपसाठी करावी, असे माझे मत आहे. प्रत्यक्षात डोके घाईत मोजले जाते, बहुतेक वेळा बाळ रडू लागल्यावर आणि आई त्याला कपडे घालत असताना. मी तर डोके आधी मोजते, आईच्या मांडीवर बाळ शांत असताना, आणि लांबी सर्वांत शेवटी घेते.

टेप न ताणणारी हवी. शिवणकामाची कापडी टेप वापराने ताणली जाते आणि मग घेर कमी दाखवते. जुनी टेप टाकून द्यायची नसेल तर निदान ती धातूच्या पट्टीशेजारी ठेवून तपासा. काही टेपांचा शून्य अगदी टोकाला असतो, तर काहींत टोकानंतर थोडी कोरी जागा सोडून असतो. एका केंद्रात दोन्ही प्रकारच्या टेपा फिरत असतील तर सेंटिमीटरभराची चूक कधीतरी होणारच, त्यामुळे एकच प्रकार ठेवलेला बरा.

मापाचे तत्त्व असे की डोक्याचा सर्वांत मोठा घेर सापडला पाहिजे. पुढे टेप भुवयांच्या किंचित वर, कपाळाच्या सर्वांत पुढे आलेल्या भागावरून, बाजूला कानांच्या वरून, आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून गेली पाहिजे. मागचा फुगीर भाग डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शोधा. टेप त्याच्याखाली मानेकडे घसरली किंवा वर टाळूकडे चढली की घेर कमी भरतो. मागची बाजू आपल्याला दिसत नाही, म्हणून ही घसरण आकडा वाचणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. बाळाच्या बाजूला उभे राहून, टेप दोन्हीकडे सारख्याच उंचीवर आहे का हे मदतनिसीने पाहावे. एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने खाली गेलेली तिरकी टेप घेर वाढवते. तसाच तो कानाचा वरचा भाग टेपखाली सापडला, केसांत रबर बँड किंवा हेअरबँड राहिला, किंवा टेप सैल राहिली तरी वाढतो. टेप केस दाबले जातील इतकी घट्ट ओढायची, मात्र कातडीला खाच पडेल इतकी नाही. मग सैल करायची, मागची जागा किंचित वरखाली करून पुन्हा लावायची, आणि घट्ट व समतल असलेल्या मापांपैकी सर्वांत मोठे माप घ्यायचे. ‘घट्ट व समतल’ या अटीशिवाय सर्वांत मोठा आकडा निवडला तर आपण नेमके सर्वांत ढिसाळ माप निवडतो. दुसऱ्या व्यक्तीनेही असेच मोजावे आणि मग दोघींच्या आकड्यांची सरासरी घ्यावी.

जाता जाता, नवजात बाळाविषयी एक सूचना. प्रसूतीच्या वेळी डोके दबून लांबट झालेले असते किंवा डोक्यावर सूज असते, त्यामुळे पहिल्या दिवसाचा घेर फसवा असू शकतो. तो नोंदवावा, पण सूज उतरल्यावर पुन्हा मोजावे आणि पुढची तुलना त्या दुसऱ्या आकड्याशी करावी.

तुमच्या कार्डावर आणखी एक चूक आहे आणि तिचा टेपशी किंवा फळीशी काही संबंध नाही. २० फेब्रुवारीला जन्मलेल्या मुलीला ८ ऑगस्टला सहावा महिना चालू होता. सहा महिने पूर्ण व्हायला अजून बारा दिवस होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर बिंदू पूर्ण झालेल्या महिन्यांच्या उभ्या रेषेवर टाकायचा असतो, म्हणजे इथे ५ च्या रेषेवर. तुम्ही तो ६ वर टाकला. मुलींच्या लांबीची मध्यरेषा ५ महिन्यांना ६४.० सेंमी आणि ६ महिन्यांना ६५.७ सेंमी आहे. एक रेषा पुढे सरकल्याने मुलगी कागदावर जवळजवळ पावणेदोन सेंटिमीटरने मागे पडली. ६२.८ हा आकडा ६ च्या रेषेवर उणे एकच्या, म्हणजे ६३.५ च्या, खाली जातो, तर ५ च्या रेषेवर तो उणे एकच्या, म्हणजे ६१.८ च्या, बराच वर राहतो. डोक्याच्या बाबतीत उलट झाले. ४३.१ हा घेर ६ च्या रेषेवर अधिक एकच्या आत, म्हणजे ४३.५ च्या खाली बसला, पण ५ च्या योग्य रेषेवर तो अधिक एक म्हणजे ४२.७ आणि अधिक दोन म्हणजे ४४.० यांच्या मध्ये येतो. थोडक्यात, वयाच्या एका चुकीने लांबीची काळजी वाढवली आणि डोक्याची काळजी झाकली.

वय तोंडी विचारून लिहू नका. आई म्हणते ‘सहावा लागला’, आपण लिहितो ६. दर वेळी जन्मतारीख आणि भेटीची तारीख घेऊन पूर्ण महिने मोजा. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल तर ४० आठवड्यांना जितके आठवडे कमी पडले तितके वयातून वजा करा आणि असे दुरुस्त वय दोन वर्षांपर्यंत वापरा. ३२ आठवड्यांच्या बाळाला आज सहा महिने झाले असतील तर त्याचा बिंदू चार महिन्यांच्या थोडा पुढे, म्हणजे पूर्ण ४ च्या रेषेवर पडेल. आलेख मुलीचा आहे की मुलाचा हेही बिंदू टाकण्याआधी पाहा. सहा महिन्यांना मुलग्यांच्या डोक्याची मध्यरेषा ४३.३ आहे आणि मुलींची ४२.२, म्हणजे चुकीचे पान उघडले तर सेंटिमीटरभराचा फरक तिथेच पडतो.

आता तुमच्याच मुलीवर हे करून पाहू. समजा २१ ऑगस्टला तुम्ही तिला बोलावले. आज तिचे सहा महिने पूर्ण आहेत आणि बिंदू ६ वर टाकणे योग्य आहे. तुम्ही आणि सहकारी परिचारिकेने वरच्या रीतीने स्वतंत्रपणे मोजले. लांबी ६५.३ आणि ६५.७ आली, फरक ४ मिलिमीटर, सरासरी ६५.५. घेर ४२.३ आणि ४२.५ आला, फरक २ मिलिमीटर, सरासरी ४२.४. (हे आकडे मी कल्पनेने घेतले आहेत, पण त्यांवरून विचार कसा करायचा ते कळेल.) लांबी मध्यरेषेच्या अगदी जवळ आहे. ८ ऑगस्टचे ६२.८ खरे असते तर तेरा दिवसांत २.७ सेंमी वाढ झाली असे म्हणावे लागेल, आणि ते अशक्य आहे. म्हणजे त्या दिवशी गुडघे वाकलेले होते किंवा बाळ तिरपे होते. डोके मध्यरेषेच्या किंचित वर आहे. तेरा दिवसांत निरोगी बाळाचा घेर घटत नाही, तेव्हा ४३.१ हा आकडा सैल किंवा तिरक्या टेपचा होता.

जूनच्या ६३.५ चे काय? चार महिन्यांना मध्यरेषा ६२.१ असते, म्हणजे मुलगी तेव्हा मध्यरेषेच्या १.४ सेंमी वर होती आणि आता जराशी खाली आली आहे. दोन महिन्यांत ३.६ सेंमी वाढ अपेक्षित होती, दिसते २.० सेंमी. याचे दोन अर्थ होऊ शकतात. एक तर खुणांच्या पद्धतीने जूनचा आकडा फुगला होता, किंवा वाढ खरोखरच मंदावली आहे. मला पहिला अर्थ अधिक संभवनीय वाटतो, पण आजच्या मापावरून तो सिद्ध होत नाही. जूनची मुलगी आपल्याला परत मोजता येणार नाही. याचा निकाल पुढच्या मापात लागेल. आठ महिने पूर्ण झाल्यावर याच फळीवर, याच रीतीने मोजा. तेव्हा लांबी ६८.५ च्या आसपास आली, तर मुलगी मध्यरेषेलाच समांतर चालली आहे आणि जूनचा आकडा चुकीचा होता. ती ६६.५ च्या आसपास अडकली, तर ती उणे एकच्या रेषेपर्यंत उतरलेली असेल. मग तिचे वजन, पूरक आहार, मधले आजार हे सगळे पाहून बालरोगतज्ज्ञांकडे पाठवणे आवश्यक ठरेल. डोक्याचे ४०.२ वरून ४२.४ झाले. मध्यरेषा याच काळात ४०.६ वरून ४२.२ वर जाते, त्यामुळे इथे काळजीचे कारण दिसत नाही.

आता समजा, पुन्हा नीट मोजूनही घेर ४३.५ किंवा त्याहून जास्त भरला. मग टेपला दोष देता येणार नाही. जून ते ऑगस्ट या काळात डोके मध्यरेषेच्या किंचित खालून अधिक एकच्या रेषेपर्यंत किंवा त्याहून वर गेले असा त्याचा अर्थ होईल, आणि मुलगी हसरी असली तरी तिला डॉक्टरांना दाखवावे. पाठवण्याआधी आईवडिलांच्या डोक्याचा घेर मोजून चिठ्ठीत लिहा. काही घरांत डोकी मोठीच असतात आणि ही माहिती डॉक्टरांच्या फार उपयोगी पडते, पण ती आहे म्हणून पाठवणे टाळू नका.

कार्डावरचे जुने आकडे खोडू नका. ६२.८ आणि ४३.१ वर एकच आडवी रेघ मारा, मूळ आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी ‘पुन्हा मोजले’ असे लिहून तारीख आणि सही करा. व्हाइटनरने झाकलेला आकडा पुढच्या डॉक्टरांना काहीच सांगत नाही. ६ वर टाकलेले ते दोन बिंदू रद्द करा आणि वाढीची रेघ त्यांच्यातून नेऊ नका. जूनचा ६३.५ तसाच राहू द्या, पण त्याच्याजवळ ‘टेबलावर खुणा करून, एका व्यक्तीने’ अशी टीप लिहा. नवा बिंदू उभ्या रेषेवरच, मिलिमीटरचा अंदाज घेऊन बारीक टोकाने टाका. जाड पेनाचा ठिपका आलेखावर अर्धा सेंटिमीटर व्यापतो. बिंदूशेजारी आकडा, वय आणि मोजणाऱ्या दोघींची आद्याक्षरे असावीत. दोन वर्षांखालील मूल झोपवून आणि त्यापुढचे उभे करून मोजायचे असते, आणि झोपवून घेतलेले माप उभ्या मापापेक्षा सुमारे ०.७ सेंमी जास्त भरते. तेव्हा कसे मोजले हेही लिहिण्याची सवय आतापासूनच लावा.

राहिली आई. तिला ‘आकडा चुकला होता’ एवढेच सांगून कार्ड परत देऊ नका, कारण पुढच्या वेळी ती कोणत्याच आकड्यावर विश्वास ठेवणार नाही. पुन्हा मोजताना तिला फळीच्या दुसऱ्या बाजूला, बाळाला ती दिसेल अशी उभी करा. बाळही शांत राहते आणि गुडघा वाकला की आकडा कसा खाली येतो हे ती स्वतः पाहते. मग ८ ऑगस्टची रद्द केलेली नोंद तिला दाखवा आणि २० ऑक्टोबरनंतरची भेटीची तारीख कार्डावर लिहून द्या.